अर्धी जागा

त्या माणसाने माझ्यासमोरचा कीबोर्ड उचलून माझ्या डाव्या कानावर मारला, तेव्हा आधी दुखलं नाही. मोठा आवाज झाला आणि कीबोर्डची बटणं फरशीवर उडाली. मग मानेवरून काहीतरी गरम ओघळायला लागलं. हात लावून पाहिलं तर रक्त.

मी त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. पण दोन महिन्यांपूर्वी त्याच्याबद्दल नऊ पानं मी टाइप केली होती, आणि त्यातल्या एका ओळीत माझी चूक होती. ती चूक काय होती, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

मी यवतमाळकडचा. बारावीनंतर मराठी-इंग्रजी टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि पुण्यात आलो. लग्न झाल्यावर वारज्याला दोन खोल्या घेतल्या आणि नारायण पेठेत एका भाषांतराच्या दुकानात डीटीपीचं काम धरलं. दुकान तळमजल्यावर, दोन संगणक, एक प्रिंटर, एक लोखंडी कपाट. मालकांना सगळे काका म्हणत. वय साठीच्या पुढे. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून त्यांचा जन्म गेला होता, आणि माणसांशीही ते चुका काढल्यासारखंच बोलत. मी नवीन असताना पहिलं पान दाखवलं, तर चष्म्यावरून बघून म्हणाले होते, "छान. आता मराठीत करा."

पूर्वी त्यांच्याकडे पुस्तकं आणि पत्रिका यायच्या. मग आयटी आली, निर्यात वाढली, आणि आसपासच्या कंपन्या यंत्रांबरोबर द्यायची माहितीपत्रकं वेगवेगळ्या भाषांत मागायला लागल्या. अरबी आली, तिच्यामागून फारसी. मला दोन्ही येत नव्हत्या. पण अक्षरांचे आकार मी पाठ केले होते. भाषांतरकाराने हाताने लिहिलेला कागद समोर ठेवायचा आणि आकाराला आकार जुळवत उजवीकडून डावीकडे टाइप करत जायचं. अरबीच्या कीबोर्डवरच मी फारसी ठोकत होतो. मिक्सरची आणि पाण्याच्या पंपांची पत्रकं अशीच गेली, कुणी तक्रार केली नाही.

फारसीचं भाषांतर एक इराणी बाई करायची. विद्यापीठात पीएचडी करत होती. तिला आम्ही खानम म्हणायचो. ते तिचं नाव आहे अशी आमची वर्षभर समजूत होती. खानम म्हणजे नुसतं बाई, हे तिने फार उशिरा, हसत सांगितलं. पुण्यात तेव्हा इराणी विद्यार्थी पुष्कळ होते, आणि कुणाचंही कागदपत्रांचं काही अडलं की तिच्याकडेच यायचं.

एका सकाळी ती दुसऱ्या एका बाईला घेऊन आली. तिशीच्या आतली, उजवा हात कोपरापासून प्लॅस्टरमध्ये, ओठाला टाके. तिचा नवरा इथे शिकायला आला होता आणि ही त्याच्याबरोबर. त्याने तिला मारून हात मोडला, शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले, चौकीत तक्रार लिहिली गेली. आता तिला तिच्या देशातल्या कोर्टात घटस्फोट मागायचा होता. तिकडच्या वकिलाने पोलिसांचे आणि दवाखान्याचे कागद फारसीत करून मागवले होते. तक्रार मराठीत होती आणि खानमला मराठी येत नव्हती. म्हणून ठरलं असं, की मी मराठी वाचायचं, हिंदीत सांगायचं, खानमने फारसीत लिहायचं, आणि मग ते मी टाइप करायचं.

तक्रार हवालदाराच्या भाषेत होती. 'सदर इसमाने फिर्यादीस लाथाबुक्क्यांनी मारहाण केली.' पत्रिका आणि पत्रकं वाचलेल्या माझ्या तोंडाला ही वाक्यं येईनात. पट्ट्याच्या बक्कलने पाठीवर मारलं. केस धरून डोकं बाथरूमच्या नळावर आपटलं. तिसरा महिना असताना पोटात लाथ मारली, दुसऱ्या दिवशी मूल गेलं. हात दाराच्या फटीत धरून दार ओढलं. मी एकेक वाक्य हिंदीत म्हणायचो, खानम लिहून ते फारसीत हळू वाचून दाखवायची, आणि ती बाई मान हलवायची. रडली नाही. पोटातल्या लाथेच्या ठिकाणी तिने फक्त महिना दुरुस्त केला. तिसरा नाही, चौथा.

मध्ये एक वाक्य होतं: 'तो रोज मारहाण करीत असे.' मी म्हटलं, हर रोज मारता था. खानमने लिहिलं आणि वाचलं, "हर रूज़ मी-ज़द." हररोज तर आपलाच शब्द, म्हणून ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

टाइप करायला बसलो, तेव्हा खानम माझ्या खांद्यामागे उभी होती. तिने सांगितलं की 'मी' आणि 'ज़द' यांच्यामध्ये पूर्ण जागा सोडायची नाही, नीम-फासला सोडायचा. अर्धी जागा. मी म्हटलं, कीबोर्डवर स्पेसबार एकच आहे, अर्धा नाही. तिला वाटलं मी थट्टा करतोय. काका आपल्या टेबलावरून म्हणाले, "बाई, आमच्याकडे जागा पूर्णच मिळते. अर्धी हवी असेल तर चाळीत बघा." त्याच दिवशी कागद कुरिअरने जायचे होते. तिने थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ठीक आहे, वाचणाऱ्याला कळेल. मी सगळीकडे स्पेसबार दाबला आणि नऊ पानं छापून दिली.

त्यानंतर दोन महिन्यांनी, दुपारी जेवणं आटोपल्यावर, तो माणूस आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात त्याच नऊ पानांची झेरॉक्स. तिच्या वकिलाने कोर्टात कागद दिले, म्हणजे त्याच्या बाजूलाही प्रत गेली, आणि तिकडून त्याच्या भावाने ती त्याला पाठवली, हे आम्हाला पुढे कळलं. त्याने इंग्रजीत विचारलं, हे कोणी टाइप केलं. शेवटच्या पानाखाली आमच्या दुकानाचा शिक्का होता. मी म्हटलं, मी. खरं सांगायचं तर थोड्या अभिमानानेच म्हटलं.

त्याने एका ओळीच्या टोकावर बोट ठेवलं. तिथे 'मी' संपत होतं, आणि 'ज़द' खालच्या ओळीवर गेलं होतं. त्याने ते वाचून दाखवलं, पण मी-ज़द असं नाही. "मेय. ज़द." मग हिंदीत, माझ्या अगदी तोंडाजवळ येऊन: मी रोज दारू पितो असं तू लिहिलंस. मी म्हटलं, मला फारसी येत नाही. त्यावर त्याने कीबोर्ड उचलला.

काका उठून मध्ये आले. त्याने त्यांना दोन्ही हातांनी ढकललं. त्यांचं कपाळ लोखंडी कपाटाच्या कडेवर आपटलं, चष्मा फुटला आणि भुवई उघडी पडली. तोंडावर रक्त आलेलं असताना ते खाली बसले आणि फरशीवर चष्म्याच्या काचा गोळा करायला लागले. त्या माणसाने संगणकाचा पडदा टेबलावरून ओढून खाली पाडला. जाड काचेचे पडदे असायचे तेव्हा, बॉम्ब फुटावा तसा तो फुटला. आणि हे सगळं करताना तो ओरडत होता. आम्हालाच नव्हे, बाहेर जमलेल्या माणसांना ऐकवत होता.

"मारा उसको. हाँ, मारा. पट्टे से मारा. लेकिन पिया नहीं. एक बूँद नहीं पिया."

आपल्यावर अन्याय झालाय असं त्याला मनापासून वाटत होतं.

माझ्या टेबलावर कागदांना भोकं पाडायचं जुनं पंच होतं, बिडाचं, दोन किलोचं तरी. मी ते उचललं आणि त्याच्या हातावर मारलं. हाड मोडल्याचं माझ्या तळव्याला कळलं. तो गुडघ्यांवर बसला. मी तिथे थांबायला हवं होतं, थांबलो नाही. मी त्याच्या खांद्यावर मारलं, पाठीवर मारलं, त्याने डोकं झाकून घेतलं तेव्हा त्या झाकलेल्या हातांवर मारलं. नळावर आपटलेलं डोकं, दारात धरलेला हात, सगळं मीच वाचलेलं होतं, आणि त्या वेळी मला वाटत होतं की त्या सगळ्यासाठीच मारतोय. शेजारच्या बुकबाइंडरने मागून कव घालून मला ओढलं. मी त्यालाही कोपर मारलं.

आता लिहिताना एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. मला मारताना बरं वाटत होतं.

पोलीस आले, सगळ्यांना आधी दवाखान्यात नेलं. माझ्या कानाचा पडदा फाटला होता. काकांच्या भुवईला सात टाके पडले. त्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला होता. चौकीत आमची त्याच्याविरुद्ध तक्रार लिहून घेतली आणि त्याची माझ्याविरुद्ध. साहेबांनी सुचवलं, दोघांनी मागे घ्या, परदेशी माणूस आहे, कशाला वाढवता. काका पट्टी बांधलेल्या डोक्याने म्हणाले, "मी मागे घेतो. भुवई मागे घेते का विचारून सांगतो."

माझा जबाब लिहिणाऱ्या हवालदाराने 'आरोपीने शिवीगाळ करून मारहाण केली' एवढ्यावर आटोपलं होतं. मी त्याला म्हटलं, तो काय बोलला ते त्याच्या शब्दांत लिहा. बायकोला पट्ट्याने मारल्याचं त्याने स्वतः, दहा माणसांसमोर सांगितलंय. हवालदार वैतागला, पण लिहिलं त्याने. बुकबाइंडरनेही तेच सांगितलं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बायकोने कानाची पट्टी पाहिली, शर्टावरचं रक्त पाहिलं आणि आधी पाणी दिलं. मी तिला सगळं सांगितलं. त्या बाईचं, पट्ट्याचं, मुलाचं, त्या माणसाचं. शेवटी म्हणालो, असली माणसं जिवंत ठेवायच्या लायकीची नसतात. ती माझ्या शर्टाची बटणं काढत होती. तिने विचारलं, "तुमी मले किती वेळा मारलं?"

मी म्हटलं, एकदा. तेही रागात, आणि लगेच माफी मागितली होती.

"तीनदा," ती म्हणाली. "तुमाले आठवत नसन. मले आठवते." आणि शर्ट भिजवायला घेऊन गेली.

मला खरोखरच एकदाचंच आठवत होतं. उरलेले दोन प्रसंग कोणते, हे विचारायचं धाडस मला त्या दिवशी झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिने न विचारता सांगितले. एक माझ्या आईसमोर होता.

चार दिवसांनी खानम आली. ती आधी काकांच्या पाया पडल्यासारखी वाकली, आणि मग माझ्यासमोर बसून तिने कागदावर लिहून दाखवलं, काय घडलं होतं ते. तिकडच्या वकिलाचंही पत्र आलेलं होतं.

फारसीची अक्षरं एकमेकांचे हात धरून चालतात. 'मी' ही क्रियापदाच्या आधी लागणारी जोड आहे. ज़द म्हणजे मारलं, एकदा. मी-ज़द म्हणजे मारायचा, मारत असे. 'मी'तलं शेवटचं अक्षर पुढच्या अक्षराचा हात धरू बघतं. मध्ये काहीच घातलं नाही तर दोन्ही चिकटून एकच गोळा होतो, आणि सुरुवातीला 'मीज़' म्हणजे टेबल, आपलं मेज, असं दिसून डोळा अडखळतो. उलट पूर्ण जागा घातली तर दोन शब्द होतात. मग ओळ संपली की संगणक त्यांना खुशाल तोडतो, एकाला वर ठेवतो, दुसऱ्याला खाली ढकलतो. आणि सुटं लिहिलेलं तेच 'मी' फारसीत 'मेय' असंही वाचता येतं. मेय म्हणजे मद्य. मयखान्यातली मय तीच. मेय ज़दन म्हणजे मद्य पिणं.

तिने दोन्ही शेजारी शेजारी लिहिले:

می‌زد

می زد

पहिला, रोज मारायचा. दुसरा, ज्याला तसा वाचायचाच आहे त्याच्यासाठी, रोज दारू प्यायला.

मी विचारलं, पण सगळ्याच पानांवर मी तशीच जागा सोडली होती, मग वाचणाऱ्याला कळायला नको का? खानम म्हणाली, कळतं. समजून घ्यायचं असेल त्याला सगळं कळतं. पण त्या नवऱ्याच्या वकिलाला समजून घ्यायचं नव्हतं. त्याने कोर्टात म्हटलं की या बाईच्या स्वतःच्या कागदात मारल्याचा उल्लेख सुट्या प्रसंगांचा आहे, रोजचा आरोप आहे तो दारूचा, आणि तो खोटा आहे. तिकडे दारूला फटक्यांची शिक्षा. सिद्ध न करता असा आरोप करणंही अंगाशी येतं. आणि घटस्फोटासाठी तिला दाखवायचं होतं की मार एकदाचा नव्हता, नेहमीचा होता, सहन न होण्यासारखा होता. नेमकं तेच सांगणारं वाक्य माझ्या स्पेसबारने फोडलं होतं. कोर्टाने नीट केलेला मजकूर पुन्हा मागवला होता.

मला तेव्हा आमचा वाक्‌प्रचार आठवला. तो शब्द जुळवताना काका मला हमखास अडवायचे: क चा पाय मोडून ठेवा, नाहीतर तो प ला जाऊन चिकटतो. चिकटू द्यायचं नाही आणि तोडायचंही नाही, ही गोष्ट मला मराठीत माहीत होती. फारसीत ती असेल असं मला सुचलं नव्हतं, कारण ती माणसं काय लिहितात याच्याशी माझा संबंध नाही असं मी धरून चाललो होतो.

खानमच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याने आमच्या उरलेल्या संगणकावर फारसीचा प्रमाण कीबोर्ड बसवून दिला. त्यात शिफ्ट धरून स्पेसबार दाबला की ती अर्धी जागा पडते. अर्धी तरी कुठली, तिला रुंदीच नसते. पडद्यावर काही उमटत नाही, पण आधीचं अक्षर हात आखडून घेतं, शेपूट काढून पूर्ण होतं, पुढचं नव्याने सुरू होतं, आणि तरी संगणकाच्या लेखी शब्द एकच राहतो. ओळीच्या टोकाला आला तर सबंध खाली जातो, फुटत नाही.

पहिल्यांदा दाबलं तर तिथे एक उभी पोकळ चौकट आली. आमच्या जुन्या फाँटला ते चिन्हच माहीत नव्हतं. फाँट बदलल्यावर चौकट गेली.

मग मी घाई केली. एकेक जागा शोधण्याऐवजी संगणकाला सांगितलं की जिथे 'मी' आणि पुढे जागा असेल, तिथे जागा काढून अर्धी घाल. क्षणात सगळं बदललं. मी खूश. काका माझ्यामागे येऊन उभे राहिले. डोक्याची पट्टी निघाली होती, टाके दिसत होते, नवा चष्मा अजून यायचा होता, म्हणून ते जुन्या चष्म्यातून पडद्याला नाक लावून बघत होते. त्यांना फारसीचं एक अक्षर येत नव्हतं. ते म्हणाले, "या ओळीत आधी सहा जागा होत्या. आता चार आहेत. तुमची एकच कमी व्हायला हवी होती."

त्यांनी बोट ठेवलं तो शब्द खानमने वाचला. ज़ख़मी. आपला जखमी तोच, आणि त्याच्याही शेवटी 'मी' आहे. माझ्या हुकमाने प्रत्येक जखमी पुढच्या शब्दाला नेऊन चिकटवला होता, आणि त्या नऊ पानांत जखमी पुष्कळ ठिकाणी होतं. काकांना मी विचारलं, तुम्हाला कसं दिसलं. ते म्हणाले, "अक्षरं तुम्ही वाचा. मी चाळीस वर्षं मधली मोकळी जागाच वाचतोय."

सगळं मागे घेतलं. आता शोध घेतला तो ज्याच्या आधीही जागा आहे आणि नंतरही, अशाच 'मी'चा. तेव्हा कळलं की नकारार्थी क्रियापदं त्यात सापडत नाहीत, कारण त्यांत 'मी'च्या आधी नकाराचा 'न' जोडलेला असतो: नेमी. 'ती हात हलवू शकत नव्हती', 'तो दार उघडू देत नसे', अशी वाक्यं. ती वेगळी शोधली. मग अनेकवचनाचं 'हा', तेही मागच्या शब्दापासून असंच धरून ठेवायचं. काही अक्षरं मुळातच पुढच्याचा हात धरत नाहीत, त्यांच्यानंतर चिन्ह घालून आकारात फरक दिसत नाही. तिथेही पूर्ण जागा राहू द्यायची नाही, नाहीतर ओळीच्या टोकाला पुन्हा तेच. शेवटी संगणकावर विसंबलोच नाही. खानम एकेक वाक्य मोठ्याने वाचायची, मी बोटाने जागा दाखवायचो, काका ओळीतल्या जागा मोजायचे.

तीन दिवस आम्ही तिघं तो मार पुन्हा पुन्हा वाचत होतो. पट्टा, नळ, दार, पोट. एका कानाने मला नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून खानमला ती वाक्यं आणखी मोठ्याने म्हणावी लागायची. रस्त्यावरून जाणाऱ्यांना ती भाषा कळत नव्हती हे बरं. पहिल्या वेळी मी हे ओझं उतरवल्यासारखं ठोकलं होतं. या वेळी दर 'मी-ज़द'पाशी शिफ्ट दाबताना मला माझ्या आईसमोरचा प्रसंग दिसायचा. तिसऱ्या दिवशी मी बायकोला दुकानातून फोन केला. बोलायचं काय ते ठरवलं नव्हतं. तिने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, आणि ठेवला.

कागद न्यायला ती बाई स्वतः आली. बरोबर आमच्या जबाबांची पोलिसांनी शिक्का मारलेली नक्कल आणि त्या नकलेचं भाषांतरही आम्ही दिलं, ज्यात त्या माणसाचे 'मारा, लेकिन पिया नहीं' हे शब्द होते. ते तिने वाचलं. मग तिने खानममार्फत मला विचारलं, तुम्ही त्याचा हात मोडलात असं ऐकलं, कोणता.

मी म्हटलं, उजवा.

तिने खानमला काही सांगितलं. खानम ते मला सांगायला तयार नव्हती. मी आग्रह केल्यावर म्हणाली, "ती म्हणते, तो डावखुरा आहे."

मला हसावं की काय करावं कळेना. ती बाईसुद्धा हसत नव्हती. ती मला माहिती देत होती, बस.

सहा-सात महिन्यांनी निकाल आला. घटस्फोट मिळाला. सुधारलेला मजकूर कोर्टाने ग्राह्य धरला होता, आणि त्याच्या स्वतःच्या तोंडच्या कबुलीचा निकालात उल्लेख होता. खानमने निकालाची प्रत आणून दाखवली. त्यात तिकडच्या कारकुनाने तेच वाक्य उद्धृत करताना मध्ये काहीच न घालता दोन्ही चिकटवून टाइप केलं होतं. खानम डोळ्यांत पाणी येईतो हसली. त्यांच्याच देशात, त्यांच्याच भाषेत.

तो माणूस शिक्षण सोडून कधीच निघून गेला होता. त्याच्याविरुद्धची आमची केस त्यामुळे तशीच पडून राहिली. माझ्याविरुद्धची मात्र उभी राहिली, कारण मी पुण्यातच होतो. अडीच वर्षं तारखा चालल्या. न्यायाधीशांनी मला विचारलं, तो खाली बसल्यावरही मारलंत का. वकिलाने नाही म्हणायला सांगितलेलं होतं. मी हो म्हणालो. चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रावर मला सोडलं, आणि त्यावर हमीदार म्हणून काकांनी सही केली. सही करताना त्यांनी हमीपत्रातल्या 'वर्तणूक' शब्दातला णू ऱ्हस्व लिहिलाय म्हणून कारकुनाला तो सुधारायला लावला.

माझा डावा कान अजून अर्धवटच चालतो. बायको महत्त्वाचं बोलायचं असलं की माझ्या उजव्या बाजूला येऊन बसते.